सारणी सांगते ते पुन्हा सांगू नका

मराठीतल्या कुठल्याही प्रबंधाचे किंवा प्रकल्प-अहवालाचे 'माहितीचे विश्लेषण' हे प्रकरण उघडले, की एक वाक्य हमखास भेटते : 'वरील सारणीवरून असे दिसून येते की...' त्यापुढे जे येते ते बहुतेक वेळा त्याच सारणीतले आकडे असतात, फक्त चौकटीतून काढून वाक्यात बसवलेले. वाचकाने सारणी पाहिलेली असते, ती त्याच पानावर असते, तरी त्याला तेच आकडे दुसऱ्यांदा वाचावे लागतात. आणि एवढे वाचूनही हे आकडे कशासाठी गोळा केले, त्यांवरून काय म्हणायचे आहे, हा त्याचा प्रश्न तसाच राहतो. हा परिच्छेद नव्याने कसा लिहायचा, हे या प्रकरणात एकाच उदाहरणातून पाहू. उदाहरण सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांचे आहे. सारणी जनगणनेची आहे आणि तिचा विषय आहे शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे असलेल्या मुलींची संख्या, म्हणजे बाल लिंग गुणोत्तर.

| | १९९१ | २००१ | २०११ |
|---|---|---|---|
| सातारा | ९४१ | ८७८ | ८९५ |
| सांगली | ९२४ | ८५१ | ८६७ |
| महाराष्ट्र | ९४६ | ९१३ | ८९४ |

या सारणीखाली नेहमीच्या पद्धतीचा परिच्छेद असा येईल : 'वरील सारणीवरून असे दिसून येते की, सातारा जिल्ह्यात १९९१ मध्ये बाल लिंग गुणोत्तर ९४१ होते, ते २००१ मध्ये ८७८ झाले व २०११ मध्ये ८९५ झाले. सांगली जिल्ह्यात हे प्रमाण १९९१ मध्ये ९२४, २००१ मध्ये ८५१ व २०११ मध्ये ८६७ होते. महाराष्ट्र राज्याचे प्रमाण अनुक्रमे ९४६, ९१३ व ८९४ असे होते. यावरून असे स्पष्ट होते की, सातारा व सांगली जिल्ह्यांत प्रथम घट व नंतर वाढ झाली, तर राज्यात सातत्याने घट झाली.' यात एकही आकडा चुकीचा नाही, व्याकरणही ठीक आहे. तरीही हा परिच्छेद निकामी आहे, आणि ते तपासायची साधी रीत आहे. परिच्छेदातले एकेक वाक्य खोडायचे आणि दर वेळी विचारायचे, की सारणी समोर असलेल्या वाचकाचे यात काय गेले? पहिली तीन वाक्ये खोडली तर काहीच जात नाही. चौथे खोडले तर थोडेसे जाते, पण 'घट' आणि 'वाढ' हे शब्दसुद्धा कोणालाही सारणीवरून नजर फिरवताच कळतात. किती घट, त्या मानाने किती वाढ, आणि ही वाढ मोठी समजायची की किरकोळ, हे सारणीत लिहिलेले नाही. ते लेखकाने सांगायचे होते आणि नेमके तेच त्याने सांगितलेले नाही.

पुनर्लेखनाची सुरुवात म्हणून वाक्यांकडून नव्हे, प्रश्नाकडून करावी लागते. या सारणीला विचारण्याजोगा एक प्रश्न असा : २००१ ते २०११ या दशकात या दोन जिल्ह्यांतली स्थिती सुधारली का, आणि सुधारली असेल तर कितपत? प्रश्न ठरला की कोणत्या आकड्यांची कोणत्या आकड्यांशी तुलना करायची ते आपोआप ठरते. साताऱ्याचे प्रमाण ८७८ वरून ८९५ झाले, म्हणजे १७ ने वाढले. सांगलीचे ८५१ वरून ८६७, म्हणजे १६ ने. हे आकडे सारणीत छापलेले नाहीत, वजाबाकी करून काढलेले आहेत, आणि परिच्छेदाचे काम इथून सुरू होते. पण १७ हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. तो मोठा की लहान, हे कशाच्या तरी शेजारी ठेवल्यावरच कळते. इथे शेजारी ठेवायचा आकडा त्याच सारणीत दडलेला आहे, तो म्हणजे आधीच्या दशकातली घसरण. साताऱ्यात १९९१ ते २००१ या काळात प्रमाण ६३ ने उतरले होते आणि सांगलीत ७३ ने. साताऱ्यात जेवढे गमावले त्याच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त भरून आले, सांगलीत पाचव्या हिश्श्याहून किंचित जास्त. आता १७ आणि १६ या आकड्यांना अर्थ आला : सुधारणा झाली, पण ती घसरणीच्या मानाने थोडी आहे.

१९९१ हेच वर्ष पाया का मानायचे, हे विचारले पाहिजे, कारण पायाचे वर्ष बदलून हवा तो निष्कर्ष काढता येतो. नुसते २००१ आणि २०११ घेतले तर दोन्ही जिल्हे यशस्वी ठरतात. नुसते १९९१ आणि २०११ घेतले तर दोन्ही अपयशी ठरतात. इथे १९९१ घेण्याला सारणीबाहेरचा आधार आहे. कुठलाही हस्तक्षेप नसेल तर जगात सर्वसाधारणपणे दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात. साताऱ्याचे १९९१ चे ९४१ हे प्रमाण त्याच्या जवळ होते, तर सांगलीचे ९२४ तेव्हाच खाली सरकलेले होते. म्हणजे १९९१ हे वर्ष मोठ्या घसरणीच्या आधीचे आहे. 'किती भरून आले' हे मोजायचे असेल तर मोजमाप घसरणीच्या आधीपासूनच सुरू व्हायला हवे. पायाचे वर्ष का निवडले हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर दावा अजून पक्का झालेला नाही असे समजावे.

आता तिसरी ओळ, राज्याची. इथे एक मोहात पाडणारा दावा उभा आहे. २००१ मध्ये सातारा राज्याच्या ३५ ने मागे होता आणि २०११ मध्ये एका अंकाने पुढे आहे. 'साताऱ्याने दहा वर्षांत राज्याची बरोबरी गाठली' असे वाक्य लिहायला हात शिवशिवतो, कारण आकडे त्याला खोटे पाडत नाहीत. पण आकडे दाव्याला खोटे न पाडणे आणि आकड्यांनी दाव्याला आधार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांमधले अंतर एकूण ३६ ने बदलले. त्यातले १७ साताऱ्याच्या चढण्याचे आहेत आणि १९ राज्याच्या उतरण्याचे. बरोबरी झाली हे खरे, पण तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा राज्य खाली आल्याचा आहे. 'गाठली' या क्रियापदात सगळे श्रेय साताऱ्याला जाते आणि आकडे तसे म्हणत नाहीत. सांगलीचेही तसेच आहे : राज्यापासूनचे अंतर ६२ वरून २७ वर आले, म्हणजे ३५ ने घटले, आणि त्यातले फक्त १६ सांगलीचे स्वतःचे आहेत. दोन गोष्टींमधले अंतर कमी झाले असे लिहिण्याआधी दोघांपैकी कोण किती हलले याची फोड करायची सवय लावून घ्यावी. परिच्छेदातला सगळ्यात मोलाचा आकडा पुष्कळदा या फोडीतूनच मिळतो.

एवढे झाल्यावर परिच्छेद असा लिहिता येतो : '२००१ ते २०११ या दशकात सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत बालकांमधले मुलींचे प्रमाण सुधारले, पण आधीच्या दशकातल्या घसरणीचा लहानसा भागच भरून निघाला. साताऱ्यात हे प्रमाण ६३ ने उतरले होते, ते १७ ने चढले. सांगलीत ७३ ने उतरले होते, ते १६ ने चढले. याच दशकात राज्याचे प्रमाण आणखी १९ ने खाली आले. त्यामुळे २००१ मध्ये राज्याच्या ३५ ने मागे असलेला सातारा २०११ मध्ये राज्याच्या पातळीवर दिसतो. मात्र या बदलात साताऱ्याच्या चढण्यापेक्षा राज्याच्या उतरण्याचा वाटा थोडा अधिक आहे. सांगली अजूनही राज्याच्या २७ ने मागे आहे (सारणी १).' सारणीतल्या नऊ आकड्यांपैकी एकही इथे जसाच्या तसा आलेला नाही. असे दर वेळी होईलच असे नाही आणि तसा नियमही करू नये. एखादी पातळीच धक्कादायक असेल तर ती जरूर लिहावी. महत्त्वाचे हे, की पहिल्या वाक्यात दावा आहे आणि पुढचा प्रत्येक आकडा त्या दाव्याचा एकेक भाग उचलून धरतो. सारणीचा उल्लेख शेवटी कंसात गेला आहे, कारण वाक्याचा कर्ता सारणी नसून सातारा, सांगली आणि राज्य आहेत.

दावा लिहून झाला तरी तो पेलायची आकड्यांची ताकद आहे का, हे पाहावे लागते. कोणाच्या घरी मुलगा जन्मेल आणि कोणाच्या घरी मुलगी, यात योगायोग असतोच, त्यामुळे कुणी काही केले नाही तरी गुणोत्तर थोडे वरखाली होते. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये शून्य ते सहा वयाची तीन लाखांहून अधिक मुले होती. एवढ्या मोठ्या संख्येत निव्वळ योगायोगाने होणारी हालचाल साधारण तीन अंकांची असते आणि दोन जनगणनांमधल्या फरकात ती चारेक अंकांची धरावी. १७ चा बदल त्याच्या चौपट आहे, तेव्हा तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. उलट राज्याच्या पुढे असलेला साताऱ्याचा एक अंक या हालचालीत पूर्ण बुडतो. म्हणूनच वरच्या परिच्छेदात 'राज्याच्या पुढे गेला' असे न लिहिता 'राज्याच्या पातळीवर दिसतो' असे लिहिले आहे. हीच रीत एका गावाच्या सारणीला लावली की घोटाळा होतो. गावात ६० मुलगे आणि ५० मुली असतील तर गुणोत्तर ८३३ येते. ११० मुलांपैकी पाचच जन्म उलटे झाले असते तर ५५ आणि ५५, म्हणजे गुणोत्तर थेट १०००. गावांचे गुणोत्तर लावून 'अमुक गाव सर्वांत वाईट' असे लिहिणारा परिच्छेद दाव्यासारखा दिसतो, पण त्याच्या मुळाशी पाच जन्मांचा योगायोग असू शकतो. अशा ठिकाणी गुणोत्तराबरोबर मूळ संख्या द्यावी आणि दावा गावाऐवजी तालुक्याच्या पातळीवर करावा.

दुसरी चूक आकडे कुठून उचलले यात होते. २०११ च्या जनगणनेचे आकडे दोनदा जाहीर झाले : आधी प्राथमिक, मग अंतिम. महाराष्ट्राचे प्राथमिक गुणोत्तर ८८३ होते, अंतिम ८९४ आले. समजा कोणी साताऱ्याचा अंतिम आकडा ८९५ घेतला आणि राज्याचा जुन्या पुस्तकातला ८८३ घेतला, तर सातारा १२ ने पुढे निघतो. राज्याची घसरण १९ ऐवजी ३० होते. आकड्यांची नुसती पुनरावृत्ती करणाऱ्या परिच्छेदात ही चूक खपून जाते, कारण तिथे कोणी वजाबाकीच करत नाही. दावा करायला बसले की ती उघडी पडते : राज्य एका दशकात ३० ने कसे घसरले असा प्रश्न लिहिणाऱ्याला स्वतःलाच पडतो आणि तो मूळ स्रोताकडे जातो.

या पद्धतीवर घेतला जाणारा पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. निष्कर्ष मांडताना लेखकाने तटस्थ राहावे, आकड्यांना बोलू द्यावे, मत नंतरच्या चर्चेत द्यावे, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते कारणांपुरते आणि शिफारशींपुरते. 'घसरणीचा चौथा हिस्सा भरून आला' हे मत नाही, ते सारणीवरून कोणालाही पडताळता येणारे विधान आहे. आणि आकडे आपोआप बोलतात ही समजूत तर साताऱ्याच्याच दोन विद्वानांच्या वादाने खोटी ठरवली आहे. पां. वा. सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा, वि. म. दांडेकर यांचा साताऱ्याचा. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दारिद्र्यावरच्या अभ्यासात माणशी रोज २२५० कॅलरी ही मर्यादा धरली आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक त्याखाली असल्याचा दावा केला. सुखात्म्यांचे म्हणणे वेगळे होते : माणसामाणसाची गरज वेगळी असते, एकाच माणसाची गरजही बदलत राहते, म्हणून सरासरी गरजेच्या खालचा प्रत्येकजण अर्धपोटी ठरवला तर संख्या फुगते. पाहणीचे आकडे त्याच प्रकारचे होते, दावे निराळे निघाले. हा वाद होऊ शकला आणि त्यातून अभ्यास पुढे गेला, कारण दोघांनीही आपला दावा आणि तो कोणत्या मर्यादेवर उभा आहे हे उघड लिहिले होते. नुसते आकडे उतरवून कोणी थांबले असते तर वाद घालायला काही उरलेच नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : दावा आधी ठरवला की लेखक सोयीचे आकडे वेचील. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय दोन. पहिला, सारणी पूर्ण छापावी. परिच्छेदात जे घेतले नाही ते वाचकाला तिथे सापडावे. दुसरा, आपल्या दाव्याला सर्वांत गैरसोयीचा आकडा परिच्छेदातच आणावा. 'सुधारले' असे म्हणताना ६३ आणि ७३ ची घसरण त्याच वाक्यसमूहात आहे, 'पातळीवर दिसतो' म्हणताना राज्याच्या १९ अंकांच्या घसरणीचा वाटा तिथेच आहे. गैरसोयीचा आकडा आत घेताच दावा कोसळत असेल, तर तो दावा सोडून द्यावा. वेचक आकड्यांचा सर्वांत फसवा नमुना या जिल्ह्यांतच मिळतो. २०११ मध्ये साताऱ्यातले सर्व वयांचे मिळून लिंग गुणोत्तर ९८८ होते आणि राज्याचे ९२९. हा आकडा वेचला तर सातारा मुलींच्या बाबतीत आदर्श ठरतो. पण हे प्रमाण वर जाण्यात मुंबईला कामाला गेलेल्या पुरुषांचा मोठा हात आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथले पुरुष गिरण्या, माथाडी कामे आणि सैन्यदलासाठी जिल्हा सोडून गेले. आकडा बरोबर आहे, पण मुली जन्मू दिल्या जातात का, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

तिसरा प्रश्न थांबायचे कुठे हा. सुधारणा लिहिली की कारण लिहायची घाई होते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून लागू झाला आणि फेब्रुवारी २००३ पासून त्यात कडक सुधारणा आल्या. २०११ मध्ये मोजलेली शून्य ते सहा वयाची सगळी मुले त्यानंतर जन्मलेली आहेत. कालक्रम जुळतो म्हणून 'कायद्यामुळे प्रमाण वाढले' असे लिहावेसे वाटते. पण सारणीची तिसरी ओळ तिथेच अडवते : तोच कायदा सगळ्या राज्याला लागू होता आणि राज्याचे प्रमाण १९ ने घसरले. या दोन जिल्ह्यांत अंमलबजावणी वेगळी झाली का, हे दाखवायला सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या आणि खटल्यांची वेगळी सारणी लागेल. ती नसेल तर निष्कर्षाचा परिच्छेद 'सुधारले' या शब्दावर थांबला पाहिजे. आणि तो शब्दही 'सुटले' या अर्थाने वाचला जाऊ नये. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ इथे पुरलेले १९ भ्रूण सापडले. जनगणनेतले १६ अंक चढले म्हणजे प्रश्न मिटला असे कोणी लिहिले असते, तर त्या लिखाणाने वाचकाची दिशाभूलच केली असती.

उरतो तो व्यवहारातला आक्षेप : परीक्षकांना सारणीचे पूर्ण वर्णन हवे असते आणि सगळ्या वाचकांना सारणी वाचता येत नाही. सारणी वाचता न येणाऱ्या वाचकाला नऊ आकड्यांची वाक्ये तर मुळीच पचत नाहीत. त्याला 'घसरणीचा चौथा हिस्सा भरून आला' हेच कळते. परीक्षकाला पूर्ण आकडे हवे असतील तर ते सारणीत आहेतच, आणि वजाबाक्या केलेल्या पाहून विद्यार्थ्याने सारणी खरोखर वाचली याची त्याला खात्री पटते. तेव्हा आपल्या अहवालातली कोणतीही एक सारणी घ्या, तिच्याखालचा परिच्छेद झाका आणि सारणीवरून तुम्हाला जे म्हणायचे आहे ते एका वाक्यात लिहा. त्या वाक्याला आधार देणारे आकडे मोजून काढा, त्याला अडचणीत आणणारा एक आकडा शेजारी ठेवा, आणि मगच जुन्या परिच्छेदावरचा हात काढा. त्यातले जे वाक्य या नव्या दाव्याच्या उपयोगाचे नाही, ते खोडून टाका.